कोपरा ठरवा म्हणे!

आज सकाळी एका ओळखीच्या बाईंनी मला घरबसल्या कमाईचा सल्ला दिला. पहिलंच वाक्य, "आधी घरात कामासाठी एक स्वतंत्र कोपरा ठरव." दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आमची एक खोली. दोघं आम्ही, दोन मुलं आणि सासूबाई. चारही कोपरे वापरात आहेत. एकात चूल, एकात अंथरुणांचा ढीग, एकात कपाट आणि चौथ्यात सासूबाईंची खाट. सांगा, कुठला ठरवू? खोलीत राहणाऱ्याला कोपरा मिळत नाही, वेळ मिळतो, तोही तुकड्यातुकड्यानं. म्हणून काम असं हवं की जे तुकड्यात करता येईल, आवाज करणार नाही आणि मिटलं की दिसणार नाही.

मी रफू करते. सगळं सामान एका पत्र्याच्या डब्यात: सात सुया, छोटी कतरणी, चिमटा, भिंग, पांढरा रुमाल आणि एक वही. बस्स. शिलाई मशीन आणायचा विचार आम्हीही केला होता. पण मशीन म्हणजे आवाज, आणि त्याहून वाईट म्हणजे कपड्यांचे गठ्ठे. विकायचा माल आणून ठेवायचा तर झोपायचं कुठे? आणि ऑनलाइन शिकवायला बसले तर बाकी चौघांनी तासभर श्वास रोखून धरायचा का? त्यांचंही घर आहे ते.

ही अक्कल मला पहिल्यापासून नव्हती. तो राखाडी कोट आला तेव्हा आली.

लोकरी सुटाचा कोट, बाहीवर ठिणगी पडून भोक. दिसायला शर्टाच्या बारीक बटणापेक्षाही लहान. पण जळलेल्या लोकरीच्या कडा ठिसूळ असतात, नखानं चुरतात. तिथे धागा धरत नाही. म्हणून धड धागा लागेपर्यंत कडा कापाव्या लागतात आणि भोक मोठं होतं. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, नाहीतर तुम्हीच फाडलं असं होतं. साफ केल्यावर ते १ सेंटिमीटर लांब-रुंद झालं. भिंगातून मोजले तर सेंटिमीटरला २४ धागे. म्हणजे २४ उभे, २४ आडवे, एकूण ४८. मला एका धाग्याला पाच मिनिटं लागतात. झाले चार तास. भाव यावरून सांगायचा, भोकाकडे बघून नाही.

धागे त्याच कोटाचे घेतले, आतल्या दुमडीतून एकेक ओढून. उभे वेगळे, आडवे वेगळे, कारण पुष्कळदा दोघांचा पीळ आणि रंग थोडा वेगळा असतो. ते वहीच्या पानांत ठेवते. उघडे ठेवले की पंख्यानं उडतात, आणि माझ्या कामासाठी मी पाच माणसांचा पंखा बंद करणार नाही. धागे आखूड असतात, म्हणून सुई आधी कापडातून घालायची, नेढं बाहेर राहू द्यायचं, मग त्यात धागा ओवून ओढायचा. भोकाच्या दोन्ही बाजूंना साधारण सेंटिमीटरभर धड कापडात धागा विणत न्यायचा. ताणायचा नाही. ताणलेला धागा पहिल्या धुण्यात आटतो आणि ती जागा चुणीसारखी आखडते.

आधी उभे सगळे, मग आडवे. वीण तिरकी होती: दोन वर, दोन खाली, पुढच्या ओळीला एक धागा सरकून. एकदा चुकलं की तिरकी रेघ तिथे तुटते आणि लांबूनही डोळ्यात भरते. सोडवावं लागतं. आता या कामाची गंमत बघा: एक धागा पुरा झाला की तुम्ही उठू शकता. मुलगा हाक मारतो, सासूबाईंना पाणी हवं असतं, उठा. फक्त वहीत लिहायचं, कितवा धागा, पुढची सुरुवात कुठून. एका बैठकीला चार धागे धरले तर बारा बैठका. दोन दिवसांत होतं.

पण मी चुकले. तीस धागे झाल्यावर तो कोट दारामागच्या खिळ्याला अडकवून झोपले. रात्री कुणीतरी त्यावर ओला टॉवेल टाकला. नवा, लाल. सकाळी खांद्यावर गुलाबी पट्टा.

मी मुलांवर इतकी ओरडले! आज ते आठवून अजून वाईट वाटतं, कारण त्यांची चूक नव्हती. तो खिळा टॉवेलचाच होता. माझा कधीच नव्हता. डाग काढून घेण्यात त्या कामाची सगळी कमाई गेली आणि वरून भर घालावी लागली.

तेव्हापासून एका वेळी एकच कपडा. तो चेनच्या पिशवीत आणि पिशवी अंथरुणांच्या सगळ्यात वर, कारण ती जागा दिवसा कुणाला लागत नाही. गिऱ्हाईक घरी नाही. मी बाहेर भेटते आणि खिसे त्यांच्यासमोरच उलटे करते. आमच्या घरात कुणी कपडे बदलत असतं, कुणी आजारी पडलेलं असतं, तिथे परका माणूस का उभा राहावा? आणि कपडा धुऊनच घेते. लोकरीला कसर लागलेली असेल तर कॉलरखाली, शिवणीत बारीक जाळी आणि वाळूसारखे कण सापडतात. ती अळी आमच्या एका खोलीत शिरली तर पाच जणांचं लोकरीचं सगळं गेलं.

सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. आमची मुलं जमिनीवर झोपतात. सहा भरल्या तर सातवी सापडेपर्यंत अंथरूण पडत नाही.

हो, यात फार पैसा नाही. हात दोन, दिवसाचा उजेड मोजका. मान्य. रात्री दिवा लावून मी कुणाची झोप मोडत नाही, त्यामुळे काळे कपडे दिवसाच, खाली पांढरा रुमाल धरून, म्हणजे फटी दिसतात. सॅटिन आणि घट्ट विणीचं बारीक सुती मी घेतच नाही, सुईची खूण राहते. ज्यांच्याकडे कोपरा आहे ते जास्त कमवतील, तेही मान्य. पण कोपरा नाही म्हणून मला सुरुवातच करता येणार नाही, असं का सांगता? त्या बाईंना राग येईल हे वाचून. येऊ दे.

तो राखाडी कोट मी शेवटी पुरा केला. उलट्या बाजूनं ओलं फडकं ठेवून इस्त्री उचलून-उचलून दाबली, घासली नाही. उजेडासमोर धरला, फट नाही. तिरपा धरला, चुणी नाही. डाग पडल्याचं मी मालकांना स्वतःहून सांगितलं होतं. त्यांनी बाहीवर बोट फिरवलं, दोनदा, मग विचारलं, "नक्की कुठं होतं हो?"

आत्ता सगळे झोपलेत. पिशवीत एक निळा कोट आहे, अकरा आडवे धागे राहिलेत. मुलीनं सुया मोजून दिल्या, सात. उजाडलं की दाराशी बसेन.