नेटवर्क कार्ड एक्सपीच्या आतून बंद करणं पुरेसं नाही

“व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज एक्सपी टाका आणि कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क डिसेबल करा, मग काळजी नाही.”

हा सल्ला मानून आमच्या छापखान्यात जुन्या पेजमेकरच्या फायलींसाठी हेच केलं होतं. आठवड्याभरात कुणीतरी प्रिंटरसाठी ते पुन्हा चालू केलं! २०१४ पासून सुरक्षा अपडेट बंद असलेली सिस्टिम परत नेटवर्कवर. म्हणून कुलूप बाहेरून लावा. एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन बंद करून व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमधल्या नेटवर्कमध्ये `Enable Network Adapter` ची खूण काढा. मग एक्सपीला कार्डच दिसत नाही. आत `ipconfig` दिलं, की शीर्षकाखाली एकही अडॅप्टर दिसता कामा नये.

धोक्याची दुसरी वाट शेअर्ड फोल्डरची, म्हणजे मुख्य संगणकावरच्या एक्सपीला जोडलेल्या फोल्डरची. तो नेटवर्क कार्डाशिवायही चालतो, त्यामुळे एखाद्या जुन्या फाइलीतून व्हायरस आला तर जोडलेल्या फोल्डरमधलं सगळं त्याच्या हातात. आम्ही आधी अख्खा डी ड्राइव्ह जोडला होता, ती मोठी चूक होती. आता दोनच फोल्डर आहेत: आत जाणाऱ्या फायलींचा `Read-only`, आणि तयार पीडीएफसाठी दुसरा, तेवढ्यातच एक्सपीला लिहिता येतं. पेनड्राइव्ह मात्र थेट एक्सपीला जोडत नाही. आधी मुख्य संगणकावर तपासतो, मगच फायली पहिल्या फोल्डरात टाकतो.