झाला, आला, केला, गेला... आणि आमचा पोवाडा मेला

आज १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन झालं आणि मैदानावर पोवाडा सुरू झाला. गाणारं पोरगं विशीतलं. आवाज असा की माईक काढून घेतला असता तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असता. डफावर हात बसलेला, मागं दोन झीलकरी, तुणतुणं सुरात. मी सरसावून बसलो.

आणि शब्द? 'तेरा सप्टेंबरला फौज आली, निजामाची झोप उडाली, रझाकारांची पळापळ झाली...' आली, उडाली, झाली, आली, निघाली, झाली. मी बोटं मोजायला लागलो. दोन्ही हातांची संपली, मग पायाची. १९४८ चा तो सगळा सप्टेंबर, लोकांनी घरदार सोडून सीमेपलीकडं काढलेले दिवस, आणि आमच्याकडं त्यासाठी शिल्लक काय, तर 'ली'!

टाळ्या पडल्या. पडणारच. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय यमक जुळवलंय, राव!" मी गप्प बसलो. तिथं गप्प बसलो म्हणून इथं लिहितोय.

अहो, मराठीत 'ली'ला 'ली' जुळवणं याला यमक म्हणायचं? आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. भूतकाळात सांगायचं म्हटलं की ते ला, ली, ले, लं यांतच संपतं. म्हणजे गोष्ट नुसती सरळ सांगत गेलं तरी यमक आपोआप पडतं. कवीनं काहीच केलेलं नसतं, व्याकरणानं केलेलं असतं. वर ओळीची सगळ्यात मोक्याची जागा, जिथं गळा थांबतो आणि डफावर थाप पडते, तिथं 'झाला' बसतो. 'झाला'त बघायला काय आहे? बैल दिसतो, आड दिसतो, बापाचा हात दिसतो. 'झाला' कुणाला दिसलाय?

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. माझ्या मित्रयादीतल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलंय, तरी पुन्हा ऐका.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. गंगाखेडकडच्या एका गावात रात्री कार्यक्रम होता. मी बहात्तरच्या दुष्काळावर पोवाडा रचला होता आणि भलताच खूश होतो. पहिला चौक असा:

बहात्तर साली दुष्काळ आला ।
पाण्यावाचून गाव कासावीस झाला ।
दावणीचा बैल बाजारात गेला ।
बाप माझा खडी फोडाया निघाला ॥

पुढं सतरंजीवर एक म्हातारे आबा बसलेले. पटका, हातात काठी. मी 'कासावीस' म्हणून श्वास घेतला आणि आबा आरामात म्हणाले, "झाला." पुढच्या ओळीला 'बाजारात' म्हटलं, आबा म्हणाले, "गेला." टोमणा नव्हता हो त्यात. त्यांना खरंच येत होतं. पोवाडा पहिल्यांदा ऐकत होते आणि त्यांना तो पाठ होता! तिसऱ्या चौकापर्यंत पोरंसोरंही त्यांच्यासोबत सांगायला लागली. लोक हसत होते आणि मी दुष्काळ गात होतो.

त्या रात्री मला झोप नाही. आबा दुष्काळातली लाल मिलो ज्वारी खाल्लेला माणूस. खडी फोडलेला माणूस. त्याच्याच दुष्काळात मी त्याला नवं असं काही दाखवू शकलो नव्हतो.

पुढं बरेच महिने मी नुसता शब्द घोळवत होतो. मग एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती वहीत नाही, गातानाच ध्यानात आली. शाहीर ओळीचा शेवट ओढतो. 'आड' हा शब्द तो 'आऽऽऽड' असा म्हणतो. चार मात्रा 'आ' चालतो आणि 'ड' शेवटी नुसता टेकतो, तोवर डफ वाजलेला असतो. म्हणजे माणसाच्या कानात राहतो तो स्वर. मग स्वर सारखा ठेवला आणि व्यंजन बदललं तर? आड, गाठ, हात. कागदावर यमक नाही. मैदानात घुमतं.

चौक पुन्हा लिहिला:

साल बहात्तर, आटला आड ।
बैल गेला, दाव्याला नुसती गाठ ।
बाप फोडी खडी, सोलला हात ।
मिलोच्या भाकरीचा लाल लाल घास ।
अन् बांधावर उभं बिनपानाचं झाड ॥

यातली गंमत बघा. ड, ठ आणि त एकाच गोत्रातले. जीभ वर टेकते, वारा अडतो, सुटतो. म्हणून आड, गाठ, हात हे भाऊबंद वाटतात. 'घास'ला मी मुद्दाम लांब गेलो. तिथं वारा अडत नाही, सरकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गडी वाट चुकला. आणि मग 'झाड' येतं. 'आड'चं पक्कं, शंभर नंबरी यमक, पण चार ओळी उशिरा.

वर्षभरानं त्याच गावात पुन्हा बोलावणं आलं. आबा त्याच जागेवर. मी 'आटला आड' म्हटलं. आबांनी मान हलवली. दुसऱ्या ओळीत मी 'दाव्याला' म्हणून श्वास घेतला आणि आबांच्या तोंडून निघालं, "झाड?" मी म्हणालो, "नुसती गाठ." ते गप्प झाले. तिसऱ्या ओळीला काही बोलले नाहीत. चौथ्याला काठीवरची हनुवटी उचलली. आणि पाचव्या ओळीत 'बिनपानाचं झाऽऽड' आलं तेव्हा त्या माणसानं मांडीवर अशी थाप मारली की तुणतुणेवाला दचकला. त्यांचा शब्द त्यांना परत मिळाला होता, फक्त आता त्याला पानं नव्हती.

मला आजवर मिळालेला तो सगळ्यात मोठा पुरस्कार. बाकीच्या ढाली माळ्यावर आहेत.

आता आमचे विद्वान. मागं एका स्पर्धेत परीक्षकांच्या कागदावर 'यमक' असा वेगळा रकाना होता. मला त्यात दहापैकी तीन. का? तर 'हात-घास जुळत नाही'. साहेब, तुम्ही वाचत होता! पोवाडा वाचायचा असतो का? आणि परंपरा परंपरा म्हणून कुणाला सांगता? माझी आई जात्यावर म्हणायची, 'माझ्या माहेराच्या वाटं, कोणी पेरियेला काटा'. वाटं आणि काटा. तिला कुणी तीन मार्क दिले नाहीत. तुकोबांच्या 'रंजले गांजले'पुढं 'आपुले' येतं. जुळतं फक्त 'ले', पण एक शब्द दुःखाचा आणि दुसरा नात्याचा, म्हणून ती जुळणी शिळी होत नाही. आणि आपण तर मराठवाड्यातले. गझल लिहिणाऱ्या सिराज औरंगाबादींच्या गावाशेजारी राहतो. गझलवाले स्वरकाफिया उघड उघड वापरतात, नुसता 'आ' किंवा 'ई' जुळला की झालं, कारण मागं रदीफ तोच तो येऊन सांभाळून घेतो. आपल्याकडं ते काम 'जी जी रं जी' करतं. झील प्रत्येक वेळी तीच पडणार आहे, कानाला पक्का आधार तिथं मिळतोच आहे. मग त्याच्या आधीचा शब्द थोडा मोकळा सोडायला काय हरकत आहे?

बरं, हेही मान्य करतो की पक्क्या यमकानं पाठांतर सोपं होतं. शाळेतल्या लेकरांना 'झाला-आला'च बरं. आणि माझ्या पहिल्या प्रयोगात झीलकरी फसला होता, हेही खरं. त्याला यमक ऐकून उचलायची सवय, ते आलंच नाही, तर गडी अर्धी ओळ उशिरा शिरला. तेव्हापासून चौकाची शेवटची ओळ मी पक्क्या यमकाचीच ठेवतो. तेवढं वळण ओळखीचं लागतं.

आणि काहीही चालतं असंही नाही. नवीन पोरं हे ऐकतात आणि उलटं करतात. व्यंजन ठेवतात, स्वर बदलतात. हात, शेत, रीत. वहीत छान दिसतं. गाऊन बघा, आऽऽ, एऽऽ, ईऽऽ, तीन माणसं तीन दिशेला. दुसरी चूक म्हणजे फक्त शेवटचा स्वर बघणं. 'पाणी' आणि 'शेती', दोन्हीकडं 'ई' आहे, पण कान हलत नाही, कारण आपल्या भाषेत 'ई'वर संपणारे शब्द पोत्यानं पडलेत. 'पाणी' आणि 'माती' घ्या. आ-ई, आ-ई. एक स्वर मागं गेलं की जोडी बसते. माझी पारख सोपी आहे. ओळ तोंडात सुपारी धरल्यासारखी, व्यंजनं गिळून म्हणायची. नुसत्या स्वरांत चाल ऐकू आली तर ठेवायची. आणि मग शेवटचा शब्द झाकून घरात कुणालाही विचारायचं. त्यानं बरोबर ओळखला की खोडायचा. आमच्या घरात हे काम बायको करते आणि फार निर्दयपणे करते.

एवढं तावातावानं लिहिलं आणि मध्येच जेवायला उठलो. जेवताना वाटलं, त्या पोराचा काय दोष? त्याला ज्यांनी शिकवलं त्यांनी 'ली'ला 'ली' शिकवलं. माझ्या पहिल्या पोवाड्यात तरी काय होतं? आणि मला आबा भेटले होते, त्याला टाळ्या भेटल्या. टाळ्यांमधून शिकणं अवघड.

कार्यक्रमानंतर तो पाया पडायला आला तेव्हा मी त्याला एवढंच म्हणालो होतो, "आवाज सोन्याचा आहे, क्रियापदं कमी कर." त्यानं नंबर घेतला. वाटलं, राग आला असणार.

आत्ता, हे लिहीत असताना त्याचा मेसेज आला. "सर, 'रझाकार'ला काय जोडू?"

मी लिहिलं, "तलवार सोडून काहीही. झा-का, दोनदा 'आ' पकड."

दहा मिनिटं काही नाही. मग: "सर, 'दाराआड' चालतंय का? माझी पणजी तिथंच लपली होती म्हणे."