आत्याचा वाढदिवस आणि फेरफार नोंद

परवा ऑफिसच्या फोनने तिथल्या अकाउंट्सवाल्या माणसाचा वाढदिवस तीन वेळा दाखवला आणि माझ्या फोनने सख्ख्या आत्याचा एकदाही नाही. त्या माणसाने दोन महिने माझं ट्रॅव्हलचं बिल दाबून ठेवलंय, त्याला मी सकाळी सकाळी केकचा फोटो पाठवला, आणि जिने मला लहानपणी सांभाळलं तिला काही नाही. आत्या रुसली. म्हणजे भांडली असती तर बरं होतं, तिने सरळ फोन आतोबांकडे दिला.

आमचे आतोबा रिटायर्ड तलाठी. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे तलाठी कार्यालयात उभं राहायचं, फक्त चहा घरचा.

"दिवाळी दाखवतो का तुझा फोन?"

"दाखवतो ना. दोनदा दाखवतो." हे मी कशाला बोलले देव जाणे. घरच्या अकाउंटचं सुट्ट्यांचं कॅलेंडर वेगळं, ऑफिसच्या अकाउंटचं वेगळं, दोन्ही चालू असली की लक्ष्मीपूजनही दोनदा. बोनस मात्र एकदाच, तोही दिवाळी संपल्यावर.

"दिवाळी दोनदा आणि ही एकदाही नाही. बरं. त्या ऑफिसवाल्याच्या तीन नोंदी कुठल्या कुठल्या वहीत आहेत?"

मला वाटलं टोमणा आहे, पण नाही, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. म्हणाले, एकेक नोंद उघड, खाली वहीचं नाव असेल. आणि होतं की! एक मेल अकाउंटच्या 'बर्थडे'मधली, दुसरी फोनने स्वतः कॉन्टॅक्ट वाचून बनवलेली, तिसरी मी कधीतरी हाताने टाकलेली, दरवर्षी आपोआप येणारी. तिसरी डिलीट झाली. पहिल्या दोन हटेनात.

"हटणार नाहीतच. तो उतारा आहे. उताऱ्यावर खाडाखोड करून काय होतंय, मूळ वही दुरुस्त करावी लागते."

आता या माणसाला व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवता येत नाही, पण बोलला ते शंभर टक्के बरोबर. असले वाढदिवस कॅलेंडरमध्ये साठवलेलेच नसतात, ते कॉन्टॅक्टमधल्या वाढदिवसाच्या रकान्यातून तयार होतात. रकाना रिकामा तर वाढदिवस नाही, आणि तोच माणूस दोन ठिकाणी सेव्ह असेल तर दोन.

"दोनातली एक वही नुसती झाकून ठेवायची सोय असेल ना?"

"आहे, टिक काढायची. मी काढलीय ना, मागच्याच आठवड्यात, फोनवाल्या कॅलेंडरची. ऑफिसच्या फोनवर नाही काढली, म्हणून तिथे तिन्ही दिसत होत्या."

पलीकडे शांतता. मग अगदी सरकारी आवाज आला, "आणि हिचं नाव कुठल्या वहीत आहे?"

जुना फोन बदलला तेव्हा कॉन्टॅक्टची फाइल काढून नव्यात टाकली होती. टाकताना त्याने विचारलं, कुठे सेव्ह करू, आणि वर आधीपासून 'फोन' निवडलेलं होतं. माणूस तिथे ओके दाबतो, कोणीही दाबेल. पण मेल अकाउंट वाढदिवस बनवतं ते फक्त त्याच्याकडे असलेल्या कॉन्टॅक्टवरून, फोनच्या पोटात काय आहे ते त्याला माहीतच नाही. ऑफिसचा माणूस दोन्हीकडे होता, आत्या फक्त फोनवर. म्हणजे जे कॅलेंडर मी झाकलं त्यातच आत्या बसलेली. फोनने एवढं तरी सांगायचं, की बाई, यातले अमुक लोक दुसरीकडे कुठेच नाहीत! पाणी प्या म्हणून दिवसातून दहा वेळा सांगतो मेला.

टिक परत लावली. आत्या आली. जन्मसाल 1604.

"किती?" आतोबा.

जुन्या फोनवर आत्याच्या वाढदिवसाला वर्षच टाकलं नव्हतं. वर्ष नसेल तर त्या कंपनीचे फोन आतल्या आत 1604 लिहून ठेवतात (लीप वर्ष आहे, म्हणजे 29 फेब्रुवारीवालेही बसतात) आणि स्वतःच्या स्क्रीनवर ते लपवतात. दुसऱ्या कंपनीच्या फोनला हे गुपित ठाऊक नाही, तो आकडा खराच धरतो.

"शिवाजी महाराजांचा जन्म 1630 चा," आतोबा म्हणाले, "म्हणजे ही तेव्हा 26 वर्षांची. हिची वारस नोंद केव्हाच व्हायला पाहिजे होती."

मागून भांडं आपटल्याचा आवाज.

मग आत्याचं कार्ड फोनवरून मेल अकाउंटमध्ये हलवलं, फोनवालं कॅलेंडर पुन्हा झाकलं, पण त्याआधी आणखी कोण कोण तिथे एकटं पडलंय ते बघत बसले, रविवारची दुपार त्यात गेली. दोन चुलत भाऊ निघाले, एक शाळेतली मैत्रीण निघाली, तिचा वाढदिवस गेल्या महिन्यात होऊन गेला, आता तिला काय सांगू. आणि हे सगळं निस्तरायचं मीच, कारण फोनच्या दृष्टीने कुठे काही बिघडलेलंच नाही.

शेवटी आतोबांना विचारलं, आत्याचं जन्मसाल सांगा, तेवढं दुरुस्त करते.

आतोबा सांगणार तेवढ्यात मागून आवाज आला, माझ्याशी नाही, त्यांच्याशी: "तिला म्हणावं खरं साल टाकू नकोस. ते सोळाशेचं असू दे."