फॉरेक्स कार्डावरची शिल्लक: पैसे नेमके कुठे कापले जातात

«परदेशातून आल्यावर फॉरेक्स कार्डावरचे पैसे परत मागू नका. बँक रिफंड फीच्या नावाखाली हजार-दीड हजार कापते. पैसे कार्डावरच राहू द्या, कार्ड पाच वर्षे चालते, सरकारची काही मुदत नाही, युरो-डॉलर वाढतच जाणार. आणि लागतील तसे थोडे थोडे रिलोड करा, त्याला खर्च नाही. पुढे पाठवा.»

सुट्ट्यांचा हंगाम संपला की हा संदेश नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरू लागतो. कॉलेज रोडवरच्या आमच्या कर सल्ला कार्यालयात तो दाखवून खात्री करून घेणारे लोक येत असतात. त्यातल्या काही वाक्यांत थोडे तथ्य आहे आणि त्यामुळेच तो पटतो. परंतु त्यावर विसंबून घेतलेला निर्णय बहुतेकांना महागात पडतो, म्हणून त्याचा मुद्देसूद विचार करणे मला आवश्यक वाटते.

सर्वप्रथम कपातीकडे पाहू. इंदिरानगरचे एक कुटुंब युरोप पाहून परतले आणि कार्डावर 400 युरो उरले, असे समजू. हिशेबापुरते दर असे धरू की कार्ड भरताना बँकेने युरो 95 रुपयांना विकला होता आणि आज ती तो 92 रुपये 50 पैशांना विकत घेते. मूळ खर्च 38,000 रुपये आणि आजची किंमत 37,000 रुपये. म्हणजे अर्ज करण्याआधीच 1,000 रुपये गेलेले आहेत आणि हा फरक कोणत्याही पावतीवर शुल्क म्हणून छापला जात नाही. यानंतर चलन विनिमयावरील जीएसटी येतो. तो संपूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा 1 टक्का, पण किमान 250 रुपये, एवढेच करपात्र मूल्य धरून त्यावर 18 टक्के कर घेतला जातो. येथे 370 रुपयांवर 66 रुपये 60 पैसे. रिफंडचे शुल्क 150 रुपये असेल तर करासह ते 177 रुपये होते. सारे वजा जाता हातात 36,756 रुपये 40 पैसे येतात.

एकूण घट सुमारे 1,244 रुपयांची झाली आणि संदेशातला आकडा खरा ठरला. मात्र ज्या शुल्कावर रोष आहे, त्याचा वाटा त्यात केवळ 177 रुपयांचा आहे. उरलेला मोठा भाग विक्री दर आणि खरेदी दर यांच्यातील फरकाचा आहे. तो फरक बऱ्याच अंशी कार्ड घेतानाच ठरून गेलेला असतो. त्यामुळे कार्ड निवडताना रिफंड शुल्क किती एवढे विचारून भागत नाही. आज कार्डावर युरो कितीला भराल आणि आजच परत दिला तर कितीला घ्याल, हे दोन्ही दर एकाच वेळी मागावेत. ते सांगण्यास टाळाटाळ झाली तर मी दुसरीकडे चौकशी करण्यास सांगतो.

आता पैसे कार्डावरच ठेवण्याविषयी. याच कुटुंबाचा काही महिन्यांत पुन्हा युरो चालणाऱ्या देशांत जाण्याचा बेत पक्का असेल, तर शिल्लक ठेवणे योग्यच आहे आणि तेथे माझा विरोध नाही. पण पुढची सहल दुबईची असेल तर चित्र बदलते. कार्डावर फक्त युरो असताना दिरहममध्ये पैसे दिले की बहुतेक कार्डांवर चलनबदलाचे शुल्क लागते. ते 3 टक्के धरले तरी 400 युरोंवर 12 युरो, म्हणजे सुमारे 1,100 रुपये जातात. वाचवलेला खर्च अशा रीतीने दुसऱ्या नावाने भरावाच लागतो. कार्डावर अनेक चलनांची सोय असली तरी युरोतून दिरहममध्ये रक्कम वळवताना पुन्हा विनिमय दर लागतो. शिवाय अनेक कार्डांच्या अटींत ठरावीक काळ वापर न झाल्यास शिलकेतून शुल्क वजा करण्याची तरतूद असते. ते दर सहामाहीला 5 युरो असेल, तर दोन वर्षांत 20 युरो काहीही खरेदी न करता संपतात.

भाववाढीच्या आशेलाही हिशेब लावून पाहावा. कार्डावरील रकमेवर व्याज मिळत नाही. तेच 36,756 रुपये वर्षभर 6 टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर सुमारे 2,200 रुपये येतात. कार्डावर ठेवून तेवढेच हाती यावे यासाठी युरोचा खरेदी दर वर्षभरात जवळपास 6 टक्के वाढला पाहिजे. तो वाढेलच असे कोणी लिहून देत नाही.

मुदतीविषयीचे वाक्य मात्र मला सर्वाधिक खटकते, कारण ते वाचून लोक नकळत नियमाबाहेर जातात. कार्डावर छापलेली तारीख ही कार्डाची मुदत आहे, चलन बाळगण्याची नव्हे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार प्रवासासाठी घेतलेले आणि न वापरलेले चलन परतल्यापासून 180 दिवसांच्या आत परत करावे लागते. 2,000 डॉलरपर्यंतच्या रकमेला असलेली सूट नियमात चलनी नोटा आणि प्रवासी धनादेशांसाठी लिहिलेली आहे. काही कार्ड कंपन्या हीच मर्यादा कार्डावरील शिलकेलाही लावतात, म्हणून आपल्या कार्डाच्या अटी लेखी स्वरूपात पाहाव्यात. ज्यांच्या कार्डावर मुलाच्या शिक्षणासाठी भरलेली मोठी रक्कम पडून आहे, त्यांनी तर 180 दिवसांची तारीख दिनदर्शिकेत लिहूनच ठेवावी.

थोडे थोडे रिलोड करण्याचा सल्ला सरळ तोट्याचा आहे. वर सांगितलेले किमान 250 रुपयांचे करपात्र मूल्य प्रत्येक वेळी नव्याने लागते, त्यामुळे 25,000 रुपयांखालील कोणत्याही भरण्यावर कर 45 रुपये ठरलेला असतो. रिलोड शुल्क 75 रुपये धरले तर करासह 88 रुपये 50 पैसे होतात. 100 युरो चार वेळा भरल्यास 534 रुपये जातात, तेच 400 युरो एकदाच भरल्यास सुमारे 157 रुपये. म्हणून निघताना अपेक्षित खर्चापेक्षा थोडी कमी रक्कम भरावी आणि गरज पडल्यास एकदाच पुरेशी भर घालावी. उरणारी शिलकही त्यामुळे लहान राहते.

रिफंड मागताना होणारी एक चूक मात्र टाळावी. हॉटेल किंवा भाड्याची मोटार यांनी अनामत म्हणून अडवलेली रक्कम मोकळी होण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. कार्डधारकाने मागताच शिल्लक परत करणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. मात्र अशी प्रलंबित रक्कम, आणि वाटेत असलेल्या व्यवहारांसाठी 100 डॉलरपर्यंतची रक्कम, हिशेब पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवण्याची मुभा कार्ड देणाऱ्याला आहे. त्यामुळे पहिल्या वेळी रक्कम कमी आली तर ती बुडाली असे समजू नये, रोखलेल्या रकमेचा तपशील लेखी मागावा. कार्ड लगेच बंद केल्यास दुकानदाराकडून उशिरा आलेला परतावा अडकू शकतो. ऑनलाइन विवरणात एकही व्यवहार प्रलंबित दिसत नाही, याची खात्री करूनच पूर्ण शिलकेचा एकच अर्ज करावा आणि त्या दिवशी लागू होणारा खरेदी दर अर्जाच्या पोचपावतीवर लिहून घ्यावा.