जांगडाचा माल म्हणजे फुकटचा माल नव्हे

“कन्साइनमेंटवर माल भरा! विकेपर्यंत बिल नाही, टॅक्स नाही, कितीही महिने ठेवा. बँकेत स्टॉक दाखवून लिमिट वाढवून घ्या. चोरी-नुकसान सगळं सप्लायरचं. झीरो भांडवल बिझनेस!”

नुकतंच साड्यांचं दुकान टाकलेल्या भाचीने हे वाचून मला विचारलं, “मामा, खरंच असं चालतं?” नाही चालत. कन्साइनमेंट म्हणजे आपलं जांगड: विकल्यावरच पैसे, नाही खपला तर माल परत. आपल्याकडे जांगडावर माल देणं-घेणं पिढ्यान्‌पिढ्या आहे. जांगड वही ठेवणाऱ्या कुठल्याही जुन्या दुकानदाराने हा मेसेज वाचून कपाळाला हात लावला असता.

आधी सगळ्यात घातक सल्ला, म्हणजे बँकेचा. समजा, येवल्याच्या व्यापाऱ्याने कोल्हापूरच्या दुकानात ५ एप्रिलला ४० पैठण्या जांगडावर पाठवल्या, प्रत्येकी ६,००० रुपये. माल झाला २,४०,००० चा. दुकानाचा स्वतःचा माल ९ लाखांचा आणि त्यातली ३ लाखांची उधारी द्यायची आहे. बँक उधारी वजा करून उरलेल्या मालावर २५ टक्के मार्जिन धरत असेल तर उचल मिळते साडेचार लाखांपर्यंत. आता पैठण्या बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये घुसवल्या की तीच उचल ६,३०,००० होते. जादाचे १,८०,००० ज्या मालावर काढले, तो माल येवल्याचा. जे आपलं नाही ते तारण ठेवता येत नाही, आणि तसं सही करून दिलेलं स्टेटमेंट खोटं ठरतं. पकडलं जाणंही अवघड नाही. मार्चच्या ताळेबंदात असा माल नसतो, फेब्रुवारीच्या स्टेटमेंटमध्ये असतो, आणि बँक दोन्ही कागद शेजारी ठेवून बघते. ताळेबंदातही दाखवायचा म्हटलं तर समोर २,४०,००० चं देणं दाखवावं लागेल, म्हणजे उचल पुन्हा होती तिथेच.

उद्या कर्ज थकलं आणि बँक माल ताब्यात घ्यायला आली, तर पैठण्याही त्याच ढिगात जातात. म्हणून येवल्याच्या व्यापाऱ्याने प्रत्येक साडीवर आपलं लेबल आणि चलन नंबर लावावा. दुकानाने टॅलीत या मालाचं गोडाऊन वेगळं ठेवावं आणि चलन आलं म्हणून खरेदीची नोंद करू नये.

मग बिल नाही, टॅक्स नाही, कितीही महिने? यातलं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. माल बिलावर नाही, डिलिव्हरी चलनावरच येतो. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर असल्यामुळे ई-वे बिल मात्र लागतं. पण सीजीएसटी कायद्याचं कलम ३१(७) वाचा: विकायला किंवा परत करायला पाठवलेल्या मालाचं बिल विक्रीच्या वेळी, नाहीतर माल निघाल्यापासून सहा महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा काढावंच लागतं. समजा, सप्टेंबरअखेर २३ विकल्या गेल्या, ४ परत गेल्या, १३ कपाटात आहेत. ५ ऑक्टोबरला त्या १३ साड्यांचं ७८,००० अधिक ५ टक्के टॅक्स असं बिल फाडावं लागणार, एकही गिऱ्हाईक आलेलं नसताना. हे टाळायचं तर मुदतीआधी न खपलेल्या साड्या खरोखर परत पाठवा आणि पुन्हा लागल्या तर नव्या चलनावर मागवा. नुसता कागद फिरवू नका. चलन आणि वाहतुकीच्या पावतीविना परत गेलेला माल कोण मानणार?

आणि करारात ‘कमिशन एजंट’ असं लिहून गिऱ्हाइकाला बिल मात्र आपल्या नावाने देत असाल, तर सहा महिनेही विसरा. येवल्याहून माल निघतानाच तो पुरवठा धरला जातो.

विकल्यावरच पैसे, हे वाक्य लोक उलटं वाचतात. साडी ८,४०० ला गेली त्या क्षणी ६,००० आणि त्यावरचा टॅक्स येवल्याचं देणं झालं. त्याच दिवशी विक्री कळवा, त्याच दिवशी त्याचं बिल येऊ द्या. महिनाअखेरीवर ढकललं की दुकानाच्या वहीत सगळे ८,४०० नफ्यासारखे दिसतात, आणि तेच भाड्यात नाहीतर दुसऱ्या मालात जातात. २३ साड्यांचे १,३८,००० असेच विरघळतात. ओळखायचं कसं? एखाद्या महिन्यात नफ्याचं प्रमाण अचानक दुप्पट-तिप्पट दिसलं, की खरेदीची नोंद राहिलेली असते.

नुकसानीचं म्हणाल तर मालकी माल पाठवणाऱ्याची म्हणून जोखीमही सहसा त्याचीच, जोवर करारात वेगळं लिहिलेलं नाही. पण कराराच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने शहाण्या माणसाइतकी काळजी घ्यावीच लागते. गळक्या छताखाली ठेवलेली पैठणी भिजली तर भरपाई दुकानाचीच. दर महिन्याला आलेल्यातून विकलेल्या आणि परत गेलेल्या वजा करा, आणि कपाटातल्या मोजा. वर १३ यायला हव्या होत्या. १२ भरल्या, तर त्याच दिवशी येवल्याला फोन करा, ऑक्टोबरची वाट बघू नका.