गाडीतला वायरलेस चार्जर आणि कव्हरमधली लोखंडी चकती

‘मोबाईल गरम होतो म्हणजे चार्जिंग जोरात चालू आहे, घाबरू नका. होल्डर १५ वॅटचा असला की गाडीच्या कुठल्याही यूएसबीला जोडा, केबलइतकेच भराभर चार्ज होते. खड्ड्यात फोन पडू नये म्हणून कव्हरच्या आत लोखंडी चकती ठेवा.’

हा संदेश मोपा विमानतळावर टॅक्सी चालवणाऱ्या माझ्या भावोजींपर्यंत पोहोचला आणि त्यांनी तो तंतोतंत पाळला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला चकतीचा सल्ला सर्वांत घातक आहे. चार्जरमधील तांब्याच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह वाहतो, त्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि फोनच्या पाठीतील दुसरे वेटोळे त्यातून वीज घेते. या दोहोंच्या मध्ये अखंड चकती आली की प्रवाह तिच्यातच फिरू लागतो आणि फोनसाठी निघालेली वीज तिथेच उष्णता होऊन संपते. चांगला चार्जर आपण पाठवलेली वीज आणि फोनने मिळाल्याचे कळवलेली वीज ताडून पाहतो व तफावत मोठी दिसली की थांबतो. स्वस्तातल्या होल्डरमध्ये या तपासणीवर विसंबता येत नाही. भावोजींचे कव्हर काढले तेव्हा चकतीवर बोट टेकवत नव्हते आणि कव्हरच्या आत तिच्याच आकाराचा पिवळट डाग पडला होता. होल्डरमधल्या चुंबकाला चकती चिकटून फोन घट्ट बसतो, एवढे मात्र मान्य करावे लागेल. पण त्यासाठी चकती नव्हे, कडे हवे. मॅगसेफ आणि क्यूआय२ या चुंबकाने चिकटणाऱ्या वायरलेस चार्जिंगच्या फोनमध्ये चुंबक वेटोळ्याभोवती गोलाकार बसवलेले असतात आणि मधला भाग मोकळा राहतो; शिवाय त्यामुळे दोन्ही वेटोळी नेमकी समोरासमोर येतात.

यूएसबीचे गणित तर सरळ आहे. जुन्या गाड्यांतील अनेक पोर्ट ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतात. त्यातला चौथा हिस्साच वाटेत वाया गेला असे धरले, तरी फोनच्या हाती दोन वॅटही लागत नाहीत. उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदा आणि नकाशा मिळून त्याहून अधिक वीज खातात. म्हणून चार्जिंगची खूण दिसत असतानाही टक्के उतरत जातात. १५ वॅट हवे असतील तर लायटरच्या सॉकेटमध्ये निदान १८ वॅटचा अडॅप्टर लागतो आणि फोननेही तेवढी वीज स्वीकारायला हवी.

फोन किंचित कोमट होणे स्वाभाविक आहे. चटका बसण्याइतका तापला तर बॅटरी वाचवण्यासाठी फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. अॅपल आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायला सांगते, आणि दुपारी काचेला चिकटवलेल्या होल्डरवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. होल्डर एसीच्या जाळीवर लावला तर थंड हवा फोनच्या पाठीला लागते. काचेवरच ठेवायचा असेल, तर भर उन्हात केबलच जोडावी.