‘कशावरून?’ विचारत गेल्याने सगळी मतं सारखी ठरत नाहीत

“कोणत्याही मताला ‘कशावरून?’ विचारत जा. तीन-चार पायऱ्यांत समोरचा अडकतो. मग तो एक तर नवी नवी कारणं देत राहतो, नाहीतर ‘ते तसंच आहे’ म्हणतो, नाहीतर गोल फिरून पहिल्याच जागी येतो. म्हणजे शेवटी सगळा विश्वासाचाच मामला. विज्ञान काय, ज्योतिष काय, सगळी मतं सारखीच बिनबुडाची.”

असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यात सांगितलेल्या अडकण्याच्या तीन वाटा खऱ्या आहेत. ॲरिस्टॉटलला त्या ठाऊक होत्या. सेक्स्टस एम्पिरिकसने ग्रीक संशयवाद्यांच्या युक्त्यांमध्ये त्या नोंदवल्या आहेत. प्रमाणाला, म्हणजे ज्ञानाच्या साधनाला, दुसरं प्रमाण लागत असेल तर अनवस्था येते, म्हणजे साखळी कधीच संपत नाही, हे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त न्यायदर्शनाच्या अनुयायांना सुनावलं होतं. चूक आहे ती प्रत्येक वाटेवर काय घडतं याच्या वर्णनात, आणि त्यावरून काढलेल्या शेवटच्या निष्कर्षात.

आधी न संपणाऱ्या कारणांबद्दल. आयुष्य अपुरं पडतं, एवढीच त्यातली अडचण असती तर ती किरकोळ म्हणता आली असती. खरी अडचण अशी, की एका विधानावरून दुसरं निघतं याचा अर्थ फक्त ‘ते खरं असेल तर हे खरं’ एवढाच असतो. प्रत्येक जण ‘पुढच्याने दिले की मी देतो’ म्हणत असेल, तर रांग कितीही लांब असली तरी पैसे कुणाच्याच हातात पडत नाहीत.

पावसाळ्यातला पुणेकरांच्या रोजच्या चौकशीचा प्रश्न घेऊ: मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेलाय का? एक जण म्हणतो, पुलावर निदान १ फूट पाणी आहे, कारण निदान २ फूट आहे. निदान २ फूट आहे, कारण निदान ३ फूट आहे. आणि असंच पुढे. तर्कात कुठेही खोट नाही, आणि साखळीला शेवटही नाही. दुसरा म्हणतो, पाणी पुलाच्या निदान १ फूट खाली आहे, कारण निदान २ फूट खाली आहे, आणि असंच पुढे. दोन्ही साखळ्या बिनचूक, दोन्ही अनंत आणि एकमेकींच्या उलट. म्हणजे नुसती साखळी असल्याने समर्थन तयार होत नाही. पीटर क्लाइनसारखे काही तत्त्वज्ञ अनंत साखळी चालते असं मानतात, पण अशा पोरकट साखळ्या वगळण्यासाठी त्यांनाही ‘ती कारणं माणसाला खरोखर उपलब्ध असली पाहिजेत’ अशी जास्तीची अट घालावी लागते.

आता ‘ते तसंच आहे’ या वाटेकडे येऊ. मूलाधारवाद, म्हणजे फाउंडेशनलिझम, असं म्हणतच नाही. त्याचं म्हणणं असं: काही मतांना आधार असतो, पण तो दुसऱ्या मताचा नसतो. डेक्कनच्या बाजूला उभं राहून पुलावरून पाणी वाहताना दिसलं, की ‘पुलावर पाणी आहे’ हे मत दिसण्याच्या अनुभवावर उभं राहतं. अनुभव हे विधान नव्हे. ‘हा अनुभव कशावरून खरा?’ हा प्रश्न त्याला त्याच अर्थाने लागू होत नाही. शिवाय आजचे बहुतेक मूलाधारवादी अशा मतांना अढळ मानत नाहीत. अंधार होता, चष्मा नव्हता, ओला डांबरी रस्ता चकाकत होता, असं काही पुढे आलं तर ते मत मागे घ्यावं लागतं. कशामुळे मागे घ्यावं लागेल हे सांगता येणं, हीच त्याची आणि हट्टाची ओळख वेगळी करणारी खूण आहे.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती झाकू नये. तत्त्वज्ञ विल्फ्रिड सेलर्सने १९५६ मध्ये पेच मांडला तो असा: अनुभवात ‘असं असं आहे’ हा आशय नसेल, तर तो मताला कारण कसा पुरवणार? आणि आशय असेल, तर त्यालाही समर्थन का लागू नये? दिसण्यात आशय असतो, पण दिसणं म्हणजे ठरवणं नव्हे, असं उत्तर दिलं जातं. ते आम्हाला पटण्याजोगं वाटतं, पण वाद अजून चालू आहे.

सर्वांत जास्त गैरसमज ‘गोल फिरून’ या आरोपात आहे. सुसंगतिवादी, म्हणजे कोहिअरंटिस्ट, ‘अ कारण ब, ब कारण अ’ असं म्हणत नाहीत. तो सरळसरळ अन्योन्याश्रय झाला असता. त्यांच्या मते समर्थन एका ओळीत सरकतच नाही. मतांचा अख्खा समूह एकमेकांशी किती जुळतो यावर त्यातल्या प्रत्येक मताचं बळ ठरतं. हे कितपत खरं आहे ते आकडे घालून पाहता येतं.

समजा पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी पूल पाण्याखाली असण्याची शक्यता १० टक्के आहे, म्हणजे बुडण्याचं न बुडण्याशी प्रमाण १ ला ९. नारायण पेठेतल्या काकू, रिक्षावाला आणि वर्तमानपत्र टाकणारा मुलगा असे तिघे एकमेकांशी न बोलता सांगतात की पूल बुडालाय. प्रत्येकाचं सांगणं ८० टक्के वेळा बरोबर निघतं, म्हणजे पूल बुडालेला असताना ‘बुडाला’ म्हणण्याची शक्यता ही तो बुडालेला नसताना तसं म्हणण्याच्या शक्यतेच्या चौपट. मग प्रत्येक साक्षीने प्रमाण ४ ने गुणलं जातं. एकाचं ऐकून ४ ला ९, म्हणजे साधारण ३१ टक्के. दोघांचं ऐकून १६ ला ९, म्हणजे ६४ टक्के. तिघांचं ऐकून ६४ ला ९, म्हणजे जवळजवळ ८८ टक्के. एकट्याच्या बोलण्यावर कुणी वाट बदलली नसती, पण तिघांचं जुळलं आणि मत भक्कम झालं. जुळण्याला वजन असतं, हे सुसंगतिवादी बरोबर सांगतात.

आता दोन गोष्टी बदलून पाहा. तिघांनी एकच व्हॉट्सॲप निरोप वाचून सांगितलं असेल, तर साक्ष एकच उरते आणि आपण ३१ टक्क्यांवरच राहतो. आणि प्रत्येकाचं बोलणं निव्वळ नाणेफेक असेल, ५० टक्केच बरोबर, तर प्रत्येक साक्षीने प्रमाण १ ने गुणलं जातं. तिघे काय, तीनशे जणांचं जुळलं तरी प्रमाण १ ला ९ च. म्हणजे सुसंगती असलेलं बळ वाढवते, शून्यातून बळ निर्माण करत नाही. साक्षींना स्वतःचं थोडं तरी वजन आधी असावं लागतं, हे तत्त्वज्ञ सी. आय. लुईसने १९४६ मध्ये साक्षीदारांच्याच उदाहरणातून दाखवलं होतं. लॉरेन्स बोंजूर १९८५ मध्ये सुसंगतिवादाचा मोठा पुरस्कर्ता होता; पुढे त्याने तो सोडून मूलाधारवाद स्वीकारला. म्हणून आमचा कल मिश्र उत्तराकडे आहे: अनुभवाने दिलेली कच्ची, मागे घेता येणारी मतं तळाला, आणि त्यांचं बळ वाढवणारी सुसंगती वर.

राहता राहिला निष्कर्ष. ‘सगळी मतं सारखीच’ हेही एक मत आहे, आणि तीन वाटांचा पेच त्यालाही तितकाच लागू होतो. ग्रीक संशयवाद्यांनी हे ओळखलं होतं. ते ‘सारखंच’ असा निवाडा देत नसत, निवाडाच थांबवत.

ज्योतिषाचं म्हणाल, तर वरचाच हिशेब तिथे करता येतो. पत्रिकेवरून ‘आज पूल बुडेल’ असं भाकीत पूल बुडालेल्या आणि न बुडालेल्या दिवशी सारख्याच प्रमाणात येत असेल, तर गुणक १ आहे आणि आपण १० टक्क्यांवरच उभे आहोत. खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याच्या, म्हणजे विसर्गाच्या, आकड्याचा गुणक किती, हे जुन्या नोंदींतले मोठ्या विसर्गाचे दिवस आणि पूल बंद झाल्याचे दिवस शेजारी ठेवून मोजता येतं. ही मोजणी करायला सगळ्या ज्ञानाचा शेवटचा पाया आधी सापडावा लागत नाही.